‘आईचं माहेरचं आडनाव काय?’ खातं परत मिळवण्याच्या प्रश्नांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकरोडला माझं छोटंसं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लॅपटॉपची किरकोळ दुरुस्ती. पासवर्ड विसरलेलं कुणी ना कुणी रोज येतंच. त्यातून जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे उत्तरांसह लिहून ठेवले आहेत. म्हणजे दरवेळी काउंटरवर तेच पुराण लावायला नको.

हे ‘सिक्युरिटी प्रश्न’ म्हणजे नेमके कोणते?

खातं उघडताना ‘तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय’, ‘पहिली शाळा कोणती’, ‘आईचं माहेरचं आडनाव काय’ असलं जे विचारतात ना, ते. पुढे पासवर्ड विसरलात की हेच प्रश्न पुन्हा समोर येतात आणि उत्तर जुळलं की नवा पासवर्ड ठेवू देतात. जीमेलसारख्या मोठ्या सेवा आता फोन नंबर आणि दुसरा ईमेल यांवर भर देतात. पण काही नेटबँकिंग, काही सरकारी पोर्टल, जुनी ईमेल खाती आणि विंडोजचं लोकल अकाउंट, म्हणजे फक्त त्याच कॉम्प्युटरपुरतं खातं, यांत हे प्रश्न अजून भेटतात. विंडोज १० मध्ये तर ते २०१८ साली नव्याने आले. म्हणजे हा प्रकार जुना झाला असला तरी संपलेला नाही.

खरं उत्तर दिलं तर बिघडलं कुठे? माझ्या खात्यात आहे तरी काय असं?

पासवर्ड तुम्ही आठ-दहा अक्षरांचा, आकडा-चिन्ह घालून ठेवता. त्याच घराच्या मागच्या दाराला मात्र ‘मोती’ नावाची कडी लावता. आत यायचं असेल तो पुढचं दार कशाला ठोठावेल?

याचं गाजलेलं उदाहरण २००८ चं आहे. अमेरिकेत उपाध्यक्षपदाच्या उमेदवार असलेल्या सारा पेलिन यांचं याहू ईमेल खातं एका कॉलेजच्या विद्यार्थ्याने उघडलं. त्याने पासवर्ड फोडलाच नाही. ‘पासवर्ड विसरलो’ वर गेला, जन्मतारीख आणि पिनकोड भरला, आणि ‘जोडीदार कुठे भेटला’ याचं उत्तर म्हणून त्यांच्या शाळेचं नाव टाकलं. हे सगळं इंटरनेटवर उघड होतं. पुढे त्या मुलाला एक वर्ष एक दिवसाची शिक्षा झाली.

तुम्ही निवडणूक लढवत नसाल. पण तुमच्या ईमेलमधून बाकीच्या सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलता येतात, एवढं पुरे आहे.

पण फेसबुकवरून एवढं सगळं कळतं का हो खरंच?

हा प्रश्न एका ताईंनी विचारला होता. निफाडच्या, आता इंदिरानगरला राहतात, घरी शिकवण्या घेतात. त्यांनी लॅपटॉप दुरुस्तीला आणला होता. म्हणाल्या, “शोधून दाखवा बघू.” मग त्यांच्यासमोरच, त्यांच्या परवानगीने, माझ्या मोबाइलवर बसलो. मी त्यांच्या मित्रयादीत नव्हतो. अर्धा तास लागला, त्यातली दहा मिनिटं चहात गेली.

विंडोजमध्ये त्यांनी तीन प्रश्न निवडले होते: पहिला पाळीव प्राणी, जन्म झाला ते शहर, आणि पहिली शाळा.

जन्मगाव प्रोफाइलवरच लिहिलेलं होतं. नसतं तरी फार बिघडलं नसतं. नाशिक जिल्ह्यात तालुके पंधरा. बोलीवरून, आडनावावरून, देवाच्या जत्रेच्या फोटोवरून त्यातले दहा तर सहज वगळता येतात.

शाळेने थोडा वेळ खाल्ला. दहावीच्या बॅचच्या गेट-टुगेदरचा फोटो होता, शाळेच्या नावाच्या फलकाखाली सगळे उभे. पण ती शाळा हायस्कूलची, आणि प्रश्न पहिल्या शाळेचा. मग खालच्या कमेंट वाचल्या. एका मैत्रिणीने लिहिलं होतं, “अगं आपण तर बालवाडीपासून एका बाकावर,” आणि पुढे गावातल्या जिल्हा परिषद शाळेचं नाव. झालं.

पाळीव प्राण्यात मात्र मी आधी चुकलो. कुत्र्याचा जुना फोटो सापडला, खाली ‘आमचा मोती’. मी मोती म्हणालो, ताई हसल्या. “मोती नंतरचा.” मी दुसरा अंदाज केला, “मांजर होती का? मनी?” ताईंचं हसू गेलं. यात माझी हुशारी काही नाही. आपल्याकडे मांजरीचं नाव मनी आणि कुत्र्याचं मोती, राजा नाहीतर टायगर असणं ही काय शोधायची गोष्ट आहे?

चौथा प्रश्न त्यांच्या नेटबँकिंगचा होता, आईचं माहेरचं आडनाव. हे सगळ्यात सोपं निघालं. त्यांच्या भावाच्या लग्नाची पत्रिका कुणीतरी पोस्ट केलेली होती. पत्रिकेत मामांची नावं आडनावासकट छापलेली. मामाचं आडनाव म्हणजेच आईचं माहेर. आपल्याकडे हा प्रश्न गुपित म्हणून विचारणं हाच मुळात विनोद आहे. आत्या, मामा, आजोळ सगळं आपण हौसेने रंगीत छापून शंभर घरांत वाटतो. वडिलांचं नाव तर विचारूच नका, ते आपल्या नावाच्या मधोमधच असतं.

माझं अकाउंट प्रायव्हेट आहे. मग?

तुमचं आहे. तुमच्या मावसभावाचं आहे का? वर जी माहिती सापडली, त्यातली शाळा मैत्रिणीच्या कमेंटमध्ये होती आणि पत्रिका दुसऱ्याच कुणाच्या पानावर. कुलूप तुम्ही लावलंत, पण वाडा सामाईक आहे.

शिवाय काही माहिती आपण स्वतःहून देतो. ‘तुमच्या पहिल्या गाडीचं नाव आणि लहानपणीचं टोपणनाव जोडा, बघा तुमचं राजघराण्यातलं नाव काय येतं’ अशी पोस्ट फिरत येते आणि खाली शेकडो लोक उत्साहाने उत्तर देतात. बनवणाऱ्याचा हेतू वाईट असेलच असं नाही, पण उत्तरं सगळ्यांसमोर पडून राहतात. दहा वर्षांपूर्वीचं सगळं पुसत बसण्यापेक्षा प्रश्नाचं उत्तरच बदलणं सोपं. ते दहा मिनिटांचं काम आहे.

मग खोटं उत्तर द्यायचं? चालतं का ते?

चालतं. समोरच्या वेबसाइटला तुमच्या आईचं माहेर माहीत नसतं आणि ते तपासायचीही तिला गरज नसते. तुम्ही तेव्हा जे टाइप केलं तेच आज टाइप केलं का, एवढंच ती बघते. म्हणून ‘उत्तर’ हा शब्दच डोक्यातून काढा. प्रश्न म्हणजे नुसतं लेबल आणि रकान्यात जातो तो दुसरा पासवर्ड.

एकदा हे पटलं की बाकीचं आपोआप कळतं. पासवर्ड जसा दोन ठिकाणी सारखा ठेवत नाही, तसं उत्तरही ठेवायचं नाही. याहूने २०१६ साली आपल्याकडची चोरी जाहीर केली, तेव्हा पन्नास कोटी खात्यांच्या माहितीबरोबर काहींचे सिक्युरिटी प्रश्न आणि उत्तरंही गेल्याचं सांगितलं, त्यातली काही तर एन्क्रिप्ट न केलेली, म्हणजे सरळ वाचता येतील अशी. खरं उत्तर असं बाहेर गेलं तर बदलणार कसं? आईचं माहेर बदलता येत नाही.

मनाला येईल ते खोटं लिहिलं तर पुरे ना?

इथेच बरेच जण फसतात. गूगलच्या संशोधकांनी २०१५ साली आपल्या सेवेतल्या अशा उत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मुद्दाम खोटं उत्तर दिल्याचं ३७ टक्के लोकांनी मान्य केलं. पण गंमत अशी की सगळ्यांना खोटंही सारखंच सुचतं, त्यामुळे काही उत्तरं उलट जास्तच सोपी झाली. त्याच अभ्यासात इंग्रजी बोलणाऱ्यांच्या ‘आवडता पदार्थ’ या प्रश्नाला नुसत्या एका अंदाजात १९.७ टक्के वेळा बरोबर उत्तर मिळू शकत होतं. नाशिककरांचा असा अभ्यास कुणी केला तर मिसळ किती टक्क्यांवर जाईल, हे मी सांगायला नको. माझ्या स्वतःच्या जुन्या ईमेलचं उत्तर तेच होतं. वर ‘खोटं’ म्हणून मी दुसऱ्या एका खात्याला वडापाव टाकला होता. केवढी ती कल्पनाशक्ती!

म्हणून शब्द मनातून काढू नका, बाहेरून उचला. मी गिऱ्हाइकांना जुनं वर्तमानपत्र देतो. डोळे मिटून पानावर बोट ठेवा, बोटाखालचा किंवा त्याच्या जवळचा साधा शब्द घ्या. असं तीन वेळा, वेगवेगळ्या पानांवर. तीन शब्द जोडले की एक उत्तर तयार. साधे शब्द हजारच धरले तरी तिघांच्या जोड्या शंभर कोटी होतात. पंधरा तालुक्यांशी तुलना करा. पाच-दहा चुकांनंतर खातं अडवणाऱ्या ठिकाणी एवढं भरपूर आहे.

ताईंच्या लॅपटॉपसाठी आम्ही काढलेली उत्तरं साधारण अशा घडणीची होती. ही खरी नाहीत, आणि तुम्हीही हीच टाकू नका, आता ती सगळ्यांनी वाचली आहेत:

```
first pet     makadtablasadak
city of birth batatadagadkamal
first school  sarbatkhadakmandap
```

उत्तर मराठीत लिहावं की इंग्रजी अक्षरांत?

शब्द मराठी, अक्षरं इंग्रजी. मराठी शब्द लक्षात राहतात आणि वाचताना जीभ अडखळत नाही. पण देवनागरीत टाइप केलं तर दोन अडचणी येतात. एक म्हणजे खातं परत मिळवायची वेळ नेमकी दुसऱ्याच्या फोनवर किंवा सायबर कॅफेत येते आणि तिथे मराठी कीबोर्ड नसतो. दुसरी अडचण जास्त छुपी आहे. ‘ॲ’ हे अक्षर एकाच कोडने लिहिता येतं, नाहीतर ‘अ’ वर वेगळा चंद्र देऊनही लिहिता येतं. डोळ्याला दोन्ही सारखी दिसतात, कॉम्प्युटरला नाहीत. दोन कीबोर्डांनी दोन तऱ्हांनी लिहिलं की उत्तर चूक ठरतं आणि तुम्ही स्क्रीनकडे बघत राहता, ‘अहो, बरोबर तर लिहिलंय!’

इंग्रजी अक्षरांतही स्पेलिंगचा घोळ असतोच. फणस लिहायचा तर phanas की fanas? वाटी vati, wati की vaatee? खरं उत्तर देणारे यातही अडकतात, पंचवटी एकदा Panchavati लिहितात आणि पुढच्या वर्षी Panchvati. म्हणून शब्द निवडताना फ, व, ळ, ज्ञ आणि दीर्घ ई-ऊ असलेले टाळा. आ साठी एकच a. सगळी अक्षरं लहान ठेवा, मध्ये जागा सोडू नका, कारण काही साइट मोठं-लहान अक्षर वेगळं धरतात आणि काहींना मोकळी जागा किंवा रेघ चालत नाही.

नुसतं कीबोर्डवर हात फिरवून ‘asdfgh’ किंवा अक्षरांचा चोथा टाकला तर?

asdfgh तर नकोच, ते सगळेच टाकतात. खरोखर आडवातिडवा चोथा वेबसाइटपुरता उत्तम आहे. पण जिथे कस्टमर केअरचा माणूस फोनवर उत्तर विचारतो, तिथे तो उलटतो. चोर फोन करून म्हणतो, “अहो मॅडम, मी तेव्हा काहीतरी उलटसुलट अक्षरं टाकली होती, आता कुठे आठवणार.” पलीकडच्या स्क्रीनवर खरंच उलटसुलट अक्षरं दिसत असतात. दिवसभराचे कॉल घेऊन दमलेल्या माणसाला ते पटूही शकतं. ‘माकड तबला सडक’ असं उत्तर असेल तर ते अख्खं म्हणूनच दाखवावं लागतं.

बँकेच्या फॉर्मवर पण आईचं माहेरचं नाव खोटं लिहू?

नाही. हे नीट लक्षात घ्या, कारण इथे गल्लत झाली तर निस्तरणं अवघड. ज्या कागदावर तुम्ही सही करता किंवा जो अर्ज आधार, पॅन यांच्याशी जुळवला जातो, त्यातली आईवडिलांची नावं, जन्मतारीख, पत्ता खरंच असलं पाहिजे. ती तुमची ओळख आहे. ज्या ठिकाणी प्रश्नांची यादी समोर येते, त्यातले तुम्ही निवडता आणि खाली रिकाम्या चौकटीत उत्तर टाकता, तो पासवर्डचा भाग. तिथे माकड चालतं.

कधी कधी दोन्हींची सरमिसळ असते, म्हणजे फॉर्ममधलंच खरं नाव बँक पुढे फोनवर ओळख पटवायला वापरते. तिथे तुमच्या हातात फार काही नाही. फक्त तेवढ्या एका नावावर व्यवहार होणार नाही, ओटीपीही लागेल, अशी सोय असेल तर ती चालू करून घ्या.

विंडोजमध्ये हे बदलायचं कुठे?

आधी लॅपटॉपवर लोकल अकाउंट आहे का ते बघा. मायक्रोसॉफ्टच्या ईमेलने लॉगिन करत असाल तर हे तीन प्रश्न तुम्हाला लागूच नाहीत. लोकल असेल तर रस्ता असा:

```
Settings > Accounts > Sign-in options > Password > Update your security questions
```

सध्याचा पासवर्ड विचारेल, मग तीन प्रश्न आणि तीन उत्तरं. प्रश्न ठरावीक यादीतलेच घ्यावे लागतात, कोणतेही घ्या, फरक पडत नाही. एक युक्ती सांगतो: उत्तरं आधी कागदावर लिहा आणि कागदावर बघून टाइप करा. मनातून टाइप करून मग कागदावर लिहिलं तर जे प्रत्यक्षात टाइप झालं आणि जे लिहिलं यात एका अक्षराचा फरक राहू शकतो, आणि तो सहा महिन्यांनी सापडतो.

यातून संरक्षण किती मिळतं? चुकीचा पासवर्ड टाकल्यावर जे Reset password दिसतं, त्या वाटेने घरातला, हॉस्टेलचा किंवा ऑफिसातला माणूस आत शिरणार नाही, एवढं. ज्याच्या हातात लॅपटॉप आहे आणि ज्याला डिस्क काढता येते, त्याला डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर प्रश्नांची गरजच नसते. दुरुस्तीवाल्यानेच हे सांगावं हे जरा विचित्र आहे, पण खरं आहे.

मला स्वतःलाच हे आठवलं नाही तर?

आठवायचंच नाहीये. खरी उत्तरं तरी कुठे आठवतात? गूगलच्या त्याच अभ्यासात अमेरिकेतल्या इंग्रजी बोलणाऱ्या ४० टक्के लोकांना गरज पडली तेव्हा आपलं उत्तर आठवलं नव्हतं. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलुपात जपून ठेवणारं ॲप, वापरत असाल तर त्या खात्याच्या नोंदीतच ‘नोट’ मध्ये प्रश्न आणि उत्तर दोन्ही टाका. फक्त त्या मॅनेजरचं स्वतःचं, आणि विंडोजचं, उत्तर त्याच लॅपटॉपमध्ये ठेवू नका. किल्ली आत आणि दार बंद असं होतं.

नाहीतर सरळ वही. निफाडच्या ताईंनी घरातल्या कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे. दूर बसलेल्या चोराला ती वही दिसत नाही आणि घरात शिरलेला चोर वही वाचत बसत नाही. वहीवर वर ‘पासवर्ड’ असं मोठ्या अक्षरांत लिहू नका म्हणजे झालं. घरातल्याच कुणावर भरवसा नसेल तर मात्र वही नको, मॅनेजरच.

मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवणं, स्वतःलाच व्हॉट्सअॅप करणं, हे टाळा. फोन हरवला की तोच फोटो शोधायला लागतो.

उत्तर कुणीतरी वापरलंय हे कसं ओळखायचं?

तुम्ही न मागता ‘तुमचा पासवर्ड बदलला’ असा ईमेल आला, कालपर्यंतचा पासवर्ड आज चालेना, किंवा खात्यातला रिकव्हरी फोन नंबर वेगळाच दिसू लागला, तर समजा कुणीतरी मागच्या दाराने आलंय. अशा वेळी बहुतेक जण फक्त पासवर्ड बदलतात आणि चार दिवसांनी पुन्हा दुकानात येतात. कारण प्रश्नाचं उत्तर तेच राहतं, आणि चोराला ते माहीत असतं. आधी प्रश्नांची उत्तरं, रिकव्हरी नंबर आणि दुसरा ईमेल तपासून बदला, मग पासवर्ड, आणि शेवटी ‘सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट’. पैसे गेले असतील तर यातलं काहीही करत बसण्याआधी १९३० ला फोन लावा. तक्रार cybercrime.gov.in वरही करता येते, पण पैशाच्या बाबतीत आधी फोन.

वडिलांच्या नावाने जुनं खातं आहे, उत्तरं कुणी भरली तेही माहीत नाही. काय करू?

आता लॉगिन होतंय ना? मग आजच आत जाऊन उत्तरं बदला, कारण आत असताना जुनं उत्तर न सांगताही बऱ्याच ठिकाणी बदलता येतं. लॉगिन होत नसेल तर भाऊ, आत्या, ज्याने कुणी ते तेव्हा सायबर कॅफेत बसून भरलं असेल त्याला विचारा आणि स्पेलिंगचे दोन-तीन प्रकार कागदावर मांडूनच प्रयत्न करा. अंदाजाने दहा वेळा टाकत राहिलात तर खातं काही काळ अडकतं आणि मग सरळ वाटही बंद होते. खातं बँकेचं असेल तर या भानगडीत पडूच नका. वडिलांना घेऊन शाखेत जा, पासबुक आणि आधार बरोबर असू द्या.